बंड्याच्या घरी जाताना काय न्यावं?

प्रश्न : माझी शाळेपासूनची मैत्रीण पुण्यात कोथरूडला जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. घरात नवरा आणि कॉलेजला जाणारी मुलगी. तिचा लॅब्रेडॉर बंड्या आता तेरा वर्षांचा झालाय. मागचे पाय थकलेत, उठताना घसरतो, कधीकधी घरातच शू होते. ती वरवर हसते, पण फोनवर आवाज उतरलेला असतो. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. बंड्याच्या उपयोगाचं आणि तिलाही बरं वाटेल असं काहीतरी द्यायचंय. बजेट तीन हजार. बंड्याचा फोटो छापलेला मग, बिस्किटांची टोपली, मऊ बेड असं काय काय डोक्यात येतंय. तिला विचारलं तर म्हणते, "काही नको गं, तू ये फक्त." काय नेऊ?
— एक मैत्रीण, ठाणे

उत्तर : योगा मॅट न्या. एक नाही, चार.

हसू नका, तुमच्या पत्रातला 'उठताना घसरतो' हा शब्दप्रयोग वाचून मी थांबले. तिच्या घरी फरशी कसली आहे ते आठवा. शहाबादी खरखरीत फरशी असती तर मी हा विषय काढलाच नसता. पण जुन्या सोसायट्यांमध्ये पॉलिश केलेलं मोझेक असतं, आणि कोणी घर नव्यानं करून घेतलं असेल तर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. म्हाताऱ्या कुत्र्याला दोन्ही सारख्याच, शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्यांसारख्या.

तरुण कुत्रा उठतो तो मागच्या पायांनी जोर लावून. वय झालं, सांधे दुखायला लागले की तो मागच्या पायांवर भार टाकायचं टाळतो आणि मांडीचा मांसल भाग हळूहळू ओसरतो. बंड्याच्या मांडीवरून हात फिरवलात तर कळेल, पूर्वी जिथे भरीव गोळा होता तिथे आता हाड लागतं. मग तो पुढच्या पायांनी स्वतःला ओढून उभं राहायला बघतो. गुळगुळीत फरशीवर त्याच वेळी मागचे पाय बाहेरच्या बाजूला फाकतात. एकदा फाकले की मांडीच्या आतले स्नायू ताणले जातात, दुखतं, आणि पुढच्या वेळी तो उठायच्या आधीच कचरतो. काही दिवसांनी प्रयत्नच सोडतो. पाणी दिसत असतं, पण तिथपर्यंत जायचं म्हणजे पुन्हा पडायचं, म्हणून तो पडून राहतो. शू लागलेली असते, पण उठायला इतका वेळ लागतो की वाटेतच होते.

म्हणजे घरातल्या त्या शूमागे थोडा हात फरशीचाही असू शकतो. 'थोडा' म्हणाले, कारण लघवीचा संसर्ग, मधुमेह, किडनी अशी कारणंही या वयात असतात. बंड्या पूर्वीपेक्षा जास्त पाणी पीत असेल, भांडं लवकर रिकामं होत असेल, तर मैत्रिणीला सांगा की लघवी आणि रक्त तपासून घे. ते मॅटनं सुटणारं काम नाही.

आता खरेदी. आधी तिच्या मुलीला विश्वासात घ्या, कारण मोजमाप लागणार. तिला म्हणावं, बंड्या झोपलेला असताना मोबाइल लावून ठेव आणि तो स्वतःहून उठून पाण्याकडे आणि दाराकडे जातो तेवढं शूट कर. हाका मारून उठवायचं नाही. हाक ऐकली की कुत्री उत्साहाच्या भरात दुखणं लपवतात आणि आपल्याला खोटं चित्र दिसतं. व्हिडिओत तीन गोष्टी बघा : उठताना तो नेमका कुठे पाय टेकवतो, कोणत्या वळणावर घसरतो, आणि कुठे जाताना भिंतीला चिकटून चालतो. त्यानंतर मुलीला टेपनं अंतरं मोजायला लावा.

समजा असं निघालं : बंड्याची जागा हॉलमध्ये खिडकीखाली, तिथून पाण्याचं भांडं सहा फुटांवर, भांड्यापासून मुख्य दार नऊ फुटांवर. बाजारातली नेहमीची योगा मॅट सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असते. पहिली मॅट जागेपासून भांड्यापर्यंत. भांड्यापासून दारापर्यंत दीड मॅट. उरलेली अर्धी भांड्याशेजारी जोडून टाकायची, कारण लॅब्रेडॉर पाणी पिऊन वळतो तेव्हा त्याला दोन फुटांची पट्टी पुरत नाही. वळताना एक मागचा पाय बाहेर पडला की तिथेच घसरतो. चौथी मॅट त्याच्या अंथरुणाच्या कडेला, जिथे तो उठताना पाय रोवतो तिथे. चारातली ही सगळ्यात महत्त्वाची. पैसे कमी पडले तर दारापर्यंतची वाट नंतर करता येईल, ही आधी.

मधे फटी ठेवू नका. आपल्याला वाटतं, एवढीशी तर फट आहे, ओलांडेल. मागचा पाय फरफटत टाकणारा कुत्रा ओलांडत नाही, नेमका तिथेच अडकतो किंवा सटकतो.

मॅट घेताना दुकानातच एक परीक्षा करा. ती टाइलवर पसरा, तळवा टेकवून जोरात बाजूला ढकला. तळव्याखाली मॅटच सरकली तर ती परत ठेवा. फार हलक्या, फोमसारख्या मॅट धूळ असलेल्या फरशीवर कुत्र्यासकट सरकतात, म्हणजे आधीपेक्षा वाईट. फार जाड आणि लुसलुशीतही नको, पाय रुततो आणि घोटा डगमगतो. सहा मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी खरबरीत, दाबली तर लगेच पूर्ववत होणारी चांगली. कडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं फरशीला बसवायच्या. बंड्याला अजून चावायची सवय असेल तर मात्र मॅट नको, रबरी तळाची पायपोसासारखी लांब पट्टी घ्या. फोमचे तुकडे पोटात गेले तर वेगळंच प्रकरण उभं राहील.

भेट देताना सोबत दोन सूचना तोंडी द्या. पावसाळ्यात मॅटखाली ओल धरते, तेव्हा आठवड्यातून एकदा उचलून खालची फरशी कोरडी पुसायची, नाहीतर वासही येतो आणि मॅट सुटून सरकायलाही लागते. दुसरी सूचना कामवाल्या मावशींसाठी : ओल्या फडक्यानं लादी पुसायची वेळ आणि बंड्याची फिरायला जायची वेळ एकच ठेवायची. तो घरात असताना पुसलेली ओली लादी हे पडायचं हमखास ठिकाण, आणि मावशींचा त्यात काही दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

चार मॅट साधारण सतराशे-अठराशेत बसतील. उरलेल्या पैशातून पहिली गोष्ट, घरी येऊन नखं कापून देणाऱ्या ग्रूमरची एक भेट ठरवून द्या. फिरणं कमी झालं की नखं झिजत नाहीत. कुत्रा टाइलवर चालताना टिक-टिक आवाज येतो तो लांब नखांचा. नख आधी जमिनीला टेकलं की पंजाची गादी नीट बसत नाही आणि पकड जाते. मग मॅट टाकूनही अर्धाच उपयोग. शिवाय लॅब्रेडॉरच्या पंजाखाली, गाद्यांच्या मधे केस वाढतात, तेही कापायला सांगा. त्याची नखं काळी असतील तर आतली रक्तवाहिनी बाहेरून दिसत नाही, म्हणून घरच्या घरी नेलकटर घेऊन बसण्यापेक्षा सवयीच्या माणसाकडून थोडं थोडं कापून घेतलेलं बरं.

नखांचा विषय निघालाच आहे तर एक बघून ठेवा. मागच्या पायाच्या मधल्या दोन नखांची वरची बाजू घासून सपाट झालीय का? रस्त्यावर चालताना पाय टाकल्याचा आवाज येण्याऐवजी खर्रर असा ओढल्याचा येतो का? कधी पंजा उलटा पडून पायाच्या पाठीवर टेकतो का? यातलं काही असेल तर दुखणं नुसतं सांध्याचं नसून मणक्यातल्या नसांचंही असू शकतं. डॉक्टर उभ्या कुत्र्याचा पंजा हळूच उलटा ठेवून बघतात : निरोगी कुत्रा क्षणात सरळ करतो, नसा मंदावलेला तसाच उभा राहतो. ही तपासणी डॉक्टरांनाच करू द्या, पण नखं घासलेली दिसली तर मैत्रिणीच्या कानावर जरूर घाला. रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, चार महिन्यांनी येणाऱ्याच्या येतं.

दुसरी गोष्ट, मेडिकलच्या दुकानात मिळणारे अंडरपॅड. आजारी माणसाच्या अंथरुणावर टाकतात तेच, साधारण दोन फूट बाय तीन फुटांचे. दहाचं एक पाकीट न्या. ही भेट म्हणून फार देखणी नाही, मान्य. पण रात्री तीनला उठून चादरी धुणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त आवडेल असं फुलांच्या दुकानातही काही मिळणार नाही. ओल्यात पडून राहिलं की पोटाखालची आणि मांडीची कातडी लाल होते, केस जातात, खाज सुटते. पॅड बदललं की कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसून कोरडं करायचं, एवढंच. पॅड मात्र मॅटवर टाकू नका, त्याची वरची बाजू निसरडी असते. अंथरुणावर टाका आणि कडा चादरीखाली दुमडा.

आता जिना. दुसऱ्या मजल्याचा जिना, दिवसातून निदान तीनदा, आणि तीसेक किलोचा कुत्रा. बंड्याची कंबर गेलीच आहे, आता तुमच्या मैत्रिणीची जाईल. मागच्या भागाला आधार देणारे तयार पट्टे मिळतात, पण ते तुमच्या बजेटच्या बाहेर जातील आणि मापात न बसलेला पट्टा कपाटात पडून राहतो. मी म्हणेन, भाजीची जाड कापडी पिशवी घ्या, लांब बंदांची. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवा. एक लांब पट्टी होईल, दोन टोकांना बंद. ती पोटाखालून, मागच्या मांड्यांच्या पुढून घालायची आणि बंद वर एका हातात धरायचे.

इथे लोक जे चुकतात ते सांगते. उचलायचं नसतं, वजनाचा थोडा भाग घ्यायचा असतो. पाठ जमिनीला समांतर राहिली पाहिजे. मागचा भाग वर गेला की सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि उतरताना तो तोंडावर पडतो. उतरताना एकीनं मागची पट्टी धरायची आणि दुसऱ्यानं एक पायरी खाली उभं राहून छातीच्या पट्ट्याला हात लावायचा. गळ्याच्या पट्ट्याला नाही. आणि बंड्या नर आहे, त्यामुळे ती पट्टी लघवीच्या जागेवर दाबली जाते. खाली पोचल्याबरोबर पट्टी ढिली करायची, नाहीतर बिचारा उभा राहतो, होत नाही, वर येतो आणि घरात करतो. मग सगळ्यांना वाटतं, मुद्दामच करतो.

ही पिशवी तुम्ही स्वतः शिवून न्या. कडा दुमडून शिलाई घातली तर कापड पोटाला काचत नाही. आत जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा लावला तर उत्तमच.

तुमच्या यादीकडे येते. मऊ बेड नको. तो चांगला नसतो म्हणून नाही, तीन हजारांत चांगला मिळत नाही म्हणून. दुकानातल्या गुबगुबीत, उंच कडांच्या बेडमध्ये लॅब्रेडॉर बसला की कापूस दबतो आणि कोपर थेट फरशीला टेकतं. वर त्या कडा ओलांडताना अडखळतो तो वेगळाच. परीक्षा सोपी आहे : गुडघा टेकवून त्यावर पूर्ण वजन टाका, खालची फरशी जाणवली तर तो बेड बंड्यासाठी नाही. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात म्हातारी कुत्रीही बेड सोडून गार फरशीवर येऊन पडतात आणि मग घरच्यांचा हिरमोड होतो. बेड हवाच असेल तर घरातल्या सगळ्यांशी बोलून, बंड्या पसरून झोपतो तेव्हाचं नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं माप घेऊन, फोमवाल्याकडून चार इंची घट्ट फोम कापून आणता येईल, पण ते अचानक द्यायचं काम नाही.

बिस्किटांची टोपली अजिबात नको. त्याचं पथ्य काय आहे, किडनी कशी आहे, गोळ्या कोणत्या चालू आहेत हे तुम्हाला माहीत नाही. वजन दोन किलो वाढलं तरी त्या मागच्या पायांना ते जाणवतं. आणि वाढदिवसाच्या दिवशी घरात जे गोड असेल ते त्याच्यापासून लांब राहील एवढं बघा : चॉकलेट केक आणि मनुका-बेदाणे घातलेला शिरा ही दोन्ही कुत्र्यांसाठी विषारी प्रकरणं आहेत. शिऱ्याचं लोकांच्या डोक्यात येत नाही, प्रेमानं घास पुढे करतात.

सांधेदुखीचं टॉनिक, तेल, पावडर असलंही काही नको. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या तर चुकूनही सुचवू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि किडनीला इजा होते. 'माझ्या गुडघ्याला याच गोळीनं आराम पडला' म्हणणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. कुत्र्यांसाठीची वेदनाशामक औषधं वेगळी आहेत आणि ती डॉक्टर रक्त तपासून, वजनावर ठरवून देतात. बंड्याला ती चालू आहेत का, हे मात्र विचारायला हरकत नाही. 'वय झालंय, चालायचंच' असं म्हणून पुष्कळ घरी दुखण्यावर उपचारच होत नाहीत.

फोटोचा मग. मला तो आत्ता नको वाटतो. तुमचा हेतू चांगला आहे, पण थकलेल्या कुत्र्याच्या घरी त्याचा फोटो छापलेली वस्तू आली की ती आठवणींच्या कपाटातली वाटते, आणि तो तर समोर शेपूट हलवतोय. त्याऐवजी तिथे असताना दोघांचे फोटो काढा. तिच्या मोबाइलमध्ये बंड्याचे हजार असतील, दोघांचे एकत्र चारही नसतील, कारण मोबाइल नेहमी तिच्याच हातात. छापायचं काय आणि कधी, ते तिलाच ठरवू द्या.

मगच्या जागी मी एक कालनिर्णय नेईन. रोज रात्री एकच खूण : दिवस बरा गेला तर टिक, नाही गेला तर फुली. बरा म्हणजे काय ते तिनं आणि मुलीनं आधी ठरवायचं, उदाहरणार्थ स्वतःहून जेवला, उठून दाराशी आला, रात्री शांत झोपला. महिन्याभरात डॉक्टरांना दाखवायला काहीतरी हातात असतं. नवीन गोळी लागू पडली का, हे 'बरा वाटतोय' यापेक्षा टिकांवरून नीट कळतं. आणि पुढे कधी फुल्या जास्त व्हायला लागल्या तर ते अवघड बोलणं घरातल्या तिघांना त्या कागदासमोर बसून करता येईल. देताना हे शेवटचं कारण सांगू नका. पहिलं पुरेसं आहे.

एक इशारा, तिला नाही, तुम्हाला, म्हणजे तुम्ही तिथे असाल तर गोंधळणार नाही. हळूहळू थकणं वेगळं आणि अचानक बंद पडणं वेगळं. सकाळी चालणारा कुत्रा संध्याकाळी मागचे पाय ओढायला लागला, दुखण्यानं ओरडला, किंवा दिवसभर शूच झाली नाही, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. न्यायचंही कसं? जाड चादरीवर सरकवून, चार कोपरे दोघा-तिघांनी धरून, पाठ वाकू न देता.

ती म्हणाली ना, "तू ये फक्त"? ते शब्दशः घ्या आणि थोडं लांबवा. सकाळी लवकर जा, म्हणजे मॅट टाकायला मुलगी आणि तुम्ही, आणि त्या वेळी बंड्या तिच्या नवऱ्याबरोबर खाली. तो वर आला की त्याला मॅटवर ओढू नका. काही कुत्री नवीन वस्तूला बिचकून बाजूच्या टाइलवरूनच चालतात. त्याच्या जेवणाचं भांडं मॅटवर ठेवा, दोन-तीन दिवसांत सवय होते. संध्याकाळचा जिना तुम्ही घ्या, पिशवीची पट्टी धरून, आणि मैत्रिणीला म्हणा, तू बस, चहा घे. त्यापुढेही महिन्यातून एखाद्या रविवारी ठाण्याहून येणं जमणार असेल तरच तसं कबूल करा. जमणार नसेल तर सोसायटीतल्या एखाद्या धडधाकट कॉलेजच्या पोराला शनिवार-रविवारच्या फेऱ्यांसाठी मुलीकरवी गाठा आणि त्याचे पैसे तुम्ही द्या.

मॅटची पावती जपून ठेवा. मोजमापात चूक झाली तर न उघडलेली मॅट बदलून मिळेल.